अण्णांना मुदत मागायचीय, पण तारखा कुठून आणायच्या?

वाचकाचं पत्र

ताई नमस्कार. माझं सोलापुरात शाळेच्या युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे, बारा मशीन. इचलकरंजीच्या अण्णांकडून शर्टिंग घेतलंय, त्यांचे स्वतःचे माग आहेत, वडिलांपासूनचा व्यवहार आहे. बिल १२ मेचं, ६ लाख ४० हजार जीएसटी धरून, माल १४ मेला आला, बिलावर ४५ दिवस लिहिलंय. आज २० जून. खात्यात १ लाख ६० हजार आहेत. पाच दुकानदारांकडून २ लाख ९० हजार येणं आहे आणि एका शाळा संस्थेकडून ५ लाख ४० हजार. संस्था जुलैला सगळे देणार होती, आता म्हणते निम्मे ऑगस्टअखेर, निम्मे सप्टेंबरअखेर. नवीन कामातून दर शनिवारचा पगार (४५ हजार), भाडं, बँकेचा हप्ता कसाबसा निघतो. अण्णांचे दोन फोन मी उचलले नाहीत. मुदत मागताना काय लिहू? चेक द्यावेत का? लिहून दिलं तर उद्या माझ्यावरच उलटेल का?

ताईंचं उत्तर

आधी तो फोन कर बाबा. हे पान बाजूला ठेव, अण्णांना फोन लाव, एवढंच सांग की "अण्णा, २८ तारखेला पूर्ण पेमेंट होणार नाही, मी परवापर्यंत तारखांसकट लिहून पाठवतो, त्याआधी २५ ला एक लाख टाकतोय". मग परत ये आणि पुढचं वाच.

घाई का करायला लावतेय ते सांगते. मी सतरा वर्षं कापडाच्या पेढीवर वसुलीचं रजिस्टर सांभाळलंय, म्हणजे मी त्या बाजूला बसलेली होते जिथे तुझे अण्णा आज बसलेत. पार्टीने पैसे उशिरा दिले याचा राग आम्हाला फार दिवस टिकत नसे, बाजारात कोणाला उशीर होत नाही सांग. पण फोन न उचलणाऱ्या पार्टीच्या नावापुढे शेठ पेन्सिलने एक बारीक फुली मारायचे आणि ती फुली पैसे मिळाल्यावरही खोडली जायची नाही. तू दोन फोन चुकवलेत म्हणजे अर्धी फुली पडलीय, तिसरा तू स्वतः केलास तर ती तिथेच थांबेल. आणि मुदत संपायच्या आधी मागितलेली मुदत आणि संपल्यावर मागितलेली मुदत यांत फार फरक असतो, पहिल्याला विनंती म्हणतात आणि दुसऱ्याला सबब.

आणखी एक, अण्णांकडे बघ जरा. त्यांचे माग आहेत म्हणजे त्यांना सूतवाल्याचं बिल आहे, सायझिंगवाल्याचं आहे, मागावरच्या माणसांची मजुरी आहे. सूतवाला बहुतेक वेळा तुझ्यासारखे ४५ दिवस थांबत नाही. शिवाय त्यांची बँकेत कॅश क्रेडिट लिमिट असेल तर दर महिन्याला स्टॉक आणि येण्याचं स्टेटमेंट द्यावं लागतं, आणि साधारण नव्वद दिवसांपेक्षा जुनं येणं बऱ्याच बँका धरतच नाहीत, म्हणजे तुझं बिल जुनं झालं की त्यांची उचलता येणारी रक्कम तेवढी खाली येते. तू पैसे नाही दिलेस म्हणून त्यांना त्यांच्याच बँकेतून पैसे मिळत नाहीत, असं ते दुहेरी दुखणं असतं. म्हणून फोनवर हेही विचार की "अण्णा, तुम्हाला कुठल्या तारखेला जास्त ओढाताण होते". ते म्हणाले महिन्याच्या सात-आठला सूतवाल्याला द्यायचे असतात, तर तुझा हप्ता दहाऐवजी पाचला नेता येतो का बघ. तुला पाच दिवसांनी फारसा फरक पडत नसतो, त्यांना पडतो.

आता तारखा कशा काढायच्या, खरं काम हेच आहे आणि बहुतेक जण इथेच चुकतात. मी स्वतःही चुकलेय. पेढी सोडल्यावर मी आणि मिस्टरांनी छोटं दुकान काढलं होतं, नोटाबंदीनंतरच्या जानेवारीत आमच्याकडे पैसाच नव्हता, तेव्हा एका घाऊक व्यापाऱ्याला मी सुंदर अक्षरात चार समान हप्ते लिहून दिले, दर महिन्याच्या एक तारखेला, कागदावर फार छान दिसत होते. पहिला गेला. दुसरा गेला नाही, कारण एक तारखेला माझ्याकडे पैसे कुठून येणार होते याचा विचारच केला नव्हता, मी फक्त रकमेला चारने भागलं होतं. व्यापाऱ्याने तिसऱ्याची वाट न बघता माल बंद केला आणि त्याचं काही चुकलं नाही.

तेव्हा भागाकार करायचा नाही, येणं लिहायचं. तुझे पैसे तीन ठिकाणी आहेत. खात्यातले १ लाख ६० हजार, त्यातून ६० हजार मागे ठेव, म्हणजे एका शनिवारचा पगार आणि वर पंधरा हजार, नवीन कामाचं पेमेंट आठ दिवस सरकलं तरी कारागीर रिकाम्या हाताने घरी जाणार नाही. कारागीर गेला तर पुढचं सगळं गणितच कोसळतं, म्हणून हे साठ हजार अण्णांना द्यायचा मोह टाळ. उरले एक लाख, ते २५ जूनला जातील, मुदतीच्या आधी.

मग दुकानदार. शाळा जूनच्या मध्याला उघडल्या, त्यांचा सगळा गल्ला याच पंधरा दिवसांत होतो, म्हणजे जुलैत त्यांच्याकडे पैसे असायला हवेत आणि पुढे जितका उशीर तितके ते पैसे वह्या-दप्तरांच्या किंवा राखीच्या मालात जातील. म्हणून वसुली आत्ताच, स्कूटर काढून, फोनवर नको. तरी २ लाख ९० हजार सगळे येतील असं धरू नकोस, पाचातला एक "माल परत घ्या" म्हणणारच, उरलेले साईज घेऊन बसलेला असतो. मी २ लाख धरते, तेही दोन भागांत.

आणि संस्था. ही सगळ्यात मोठी रक्कम आणि सगळ्यात कच्ची. एकदा त्यांनी तारीख बदललीय, म्हणजे परत बदलू शकतात. ऑगस्टअखेर म्हणतात तर मी १० सप्टेंबर धरेन, सप्टेंबरअखेर म्हणतात तर १० ऑक्टोबर, आणि दोन लाख सत्तरमधले सगळे अण्णांना कबूल करणार नाही, पहिल्यातून १ लाख ६० आणि दुसऱ्यातून १ लाख ८०. उरलेले दोन लाख ही तुझी हवा, संस्थेने कमी दिलं तर श्वास घ्यायला. संस्थेकडूनही तारीख लेखी घे, अकाउंटंटच्या व्हॉट्सॲपवर चालेल, "सर, ऑगस्टअखेर २ लाख ७० हजार आणि सप्टेंबरअखेर २ लाख ७० हजार असं ठरलंय, बरोबर ना" आणि त्यांचा "हो" आला की स्क्रीनशॉट जपून ठेव.

आता मांडलं तर असं होतं, २५ जून १ लाख, १५ जुलै ९० हजार, ५ ऑगस्ट १ लाख १० हजार, १० सप्टेंबर १ लाख ६० हजार, १० ऑक्टोबर १ लाख ८० हजार. बेरीज करून बघ, ६ लाख ४० हजार बरोबर येते. (बेरीज खरंच करून बघ, मी पेढीवर अशी पत्रं पाहिलीत जिथे हप्ते आणि बिल जुळायचेच नाहीत, आणि मग "उरलेले चार हजार कुठले" यावर महिनाभर वाद.) हप्ते असमान आहेत, दिसायला वाकडे आहेत, पण प्रत्येकाच्या मागे एक येणं उभं आहे आणि अण्णांनी विचारलं "हे नव्वद हजार कुठून आणणार" तर तुझ्याकडे उत्तर आहे. "गणपतीनंतर बघू", "दिवाळीला सगळं क्लिअर करतो" असलं काही लिहू नकोस, गणपती दरवर्षी हलतात आणि दिवाळीला कापडवाल्यांना असं म्हणणारे शंभर जण असतात. तारीख म्हणजे आकडा. आणि तारीख निवडताना कॅलेंडर उघड, पंधरा ऑगस्टला हप्ता ठेवणारे मी पाहिलेत, चेक असेल तर त्या दिवशी बँक बंद. एनईएफटी-आरटीजीएस हल्ली सुट्टीच्या दिवशीही चालतं, पण आरटीजीएसला किमान दोन लाख लागतात, तुझे सगळे हप्ते त्याच्या खाली आहेत म्हणून एनईएफटीनेच पाठव.

शेवटची तारीख १० ऑक्टोबरच का, अजून लांब का नाही, तर त्याला एक भिंत आहे जी फार जणांना ऐन वेळी दिसते. जीएसटीत बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर त्या बिलावर तू घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं, व्याजासकट. पैसे दिल्यावर क्रेडिट पुन्हा घेता येतं पण व्याज गेलं ते गेलं. १२ मेपासून १८० दिवस म्हणजे ८ नोव्हेंबर. पूर्ण बिलावर तुझं क्रेडिट पाच टक्क्यांच्या हिशेबाने तीस हजारांच्या आसपास आहे, पण नियम न दिलेल्या भागापुरता लागतो, म्हणजे फक्त शेवटचा १ लाख ८० हजारांचा हप्ता राहिला तर साडेआठ हजारांच्या आसपासचं क्रेडिट जाईल. १० ऑक्टोबरला संपवलंस तर ८ नोव्हेंबरच्या आधी तुझ्या हातात २९ दिवस राहतात, संस्थेने परत एकदा ताणलं तरी पुरतील.

व्याजाचं आता. तू विचारलं नाहीस पण अण्णांच्या मनात ते असणारच. अण्णा स्वतः कापड तयार करतात, त्यांची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल तर एमएसएमई कायदा २००६ लागतो, आणि त्यात माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवस, लेखी काही ठरलं नसेल तर १५ च दिवस. तुझ्याकडे माल १४ मेला आला म्हणून २८ जून ही खरी शेवटची तारीख, बिलाच्या तारखेने २६. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं, आणि लक्षात घे, अण्णांनी तुला मुदत दिली म्हणून हा हक्क आपोआप संपत नाही, त्यांनी मनात आणलं तर ते अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे जाऊन मागू शकतात. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर तिप्पट साडेसोळा, आणि आपल्या या तारखांवर शिल्लक रकमेप्रमाणे हिशेब केला तर चक्रवाढ बाजूला ठेवून साधारण सोळा हजार चारशे होतात. (अण्णांचं दुकान नुसतं ट्रेडिंगचं असतं, स्वतः बनवत नसते, तर हा कायदा लागलाच नसता, ट्रेडरांना उद्यममध्ये नाव मिळालं तरी ते बँकेच्या कर्जापुरतं.)

म्हणून व्याजाचा विषय तूच काढ. मी असते तर लिहिलं असतं की मुदतीनंतरच्या दिवसांचं महिना एक टक्का मी शेवटच्या हप्त्याबरोबर देतो. ते आपल्या तारखांना बारा हजारांच्या जवळपास होतं. बऱ्याचदा असं होतं की जुना माणूस "राहू दे रे व्याज, मुद्दल वेळेत दे" म्हणतो, पण तू न विचारता तो सोडेल अशी आशा धरणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं झालं. घेतलंच त्यांनी तर त्यावर जीएसटीही लागतो, तेव्हा डेबिट नोट मागून घे म्हणजे तुला क्रेडिट मिळेल. आयकराचं घाबरू नकोस, ४३बी(एच) म्हणून जी भानगड २०२४ पासून सगळे सीए सांगतात ती अशी की सूक्ष्म-लघु उद्योगाला मुदतीत न दिलेली रक्कम ज्या वर्षी दिली त्या वर्षीच खर्चात धरता येते, आणि तू ऑक्टोबरला संपवतोयस, मार्चच्या बरंच आधी, म्हणजे तुझा खर्च याच वर्षात बसतो. फक्त त्या कायद्याखालचं व्याज मात्र खर्चात मिळत नाही, हे सीएला विचारून घे.

चेकबद्दल. अण्णा मागतील, बाजाराची सवय आहे. ब्लँक चेक नाही, आणि पूर्ण ६ लाख ४० हजारांचा एकच "सिक्युरिटी" चेक तर अजिबात नाही. चेक वटला नाही तर कलम १३८, आणि "हा सिक्युरिटीचा होता हो" हे म्हणणं कोर्टात आपोआप चालत नाही, चेकच्या तारखेला देणं बाकी असेल तर केस उभी राहते. बँकेने परत केल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर तुला १५ दिवस, त्यात पैसे नाही दिलेस तर पुढच्या महिन्याभरात तक्रार, असा तो रस्ता आहे आणि तो फौजदारी आहे. अर्धे पैसे दिल्यावर पूर्ण रकमेचा चेक कोणाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहणं दोघांनाही त्रासाचं. द्यायचेच असतील तर प्रत्येक हप्त्याचा वेगळा, त्याच तारखेचा, त्याच रकमेचा, आणि फक्त पुढच्या एका-दोन हप्त्यांचे. चेकमागे "बिल नं. अमुक, १५ जुलैचा हप्ता" असं पेन्सिलने नको, पेनने लिही. ऑनलाइन पाठवलं की तो चेक परत मागून घे, फाडून टाकला असं फोनवर सांगितलं तर फोटो माग. आणि पैसे नसतील तर "स्टॉप पेमेंट" करून मोकळं होता येतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस, त्यावरही १३८ लागतं.

लिहून दिलं तर उलटेल का, हो आणि नाही. लेखी कबुली दिली की वसुलीची तीन वर्षांची मुदत त्या तारखेपासून नव्याने सुरू होते, आणि "एवढे देणं आहे" हे तू मान्य केलेलं असतं. पण तुला पैसे बुडवायचेच नाहीयेत ना, मग त्याचं काय भय. भय एकाच गोष्टीचं, कबूल केलेला आकडा चुकीचा असण्याचं. म्हणून आधी अण्णांच्या मुनीमजींकडून लेजर मागव आणि तुझ्या वहीशी टिक लावून जुळव. ठाणात मीटर कमी भरले असतील, रंगाचा फरक आला असेल, तर ते आत्ताच, क्रेडिट नोटच्या भाषेत सांग. सप्टेंबरमध्ये हप्ता चुकल्यावर "तुमच्या कापडात डाग होते" म्हटलं की ती तक्रार खरी असली तरी कोणी ऐकत नाही.

मेसेज मी असा लिहीन, तुझ्या भाषेत बदलून घे, पण छोटाच ठेव, फोननंतर पाठव आणि वर लेटरहेडवर सहीचा पीडीएफ लाव:

> अण्णा नमस्कार. १२ मेचं बिल, रक्कम ६,४०,०००, मुदत २८ जून. शाळा संस्थेचे पैसे दोन महिने लांबल्यामुळे पूर्ण पेमेंट मुदतीत होत नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. मालाबद्दल किंवा रकमेबद्दल माझी काही तक्रार नाही, लेजर जुळवलंय. खालीलप्रमाणे देतो:
> २५ जून – १,००,०००
> १५ जुलै – ९०,०००
> ५ ऑगस्ट – १,१०,०००
> १० सप्टेंबर – १,६०,०००
> १० ऑक्टोबर – १,८०,०००
> २८ जूननंतरच्या शिल्लक रकमेवर महिना १ टक्का व्याज शेवटच्या हप्त्यासोबत. संस्थेचे पैसे आधी आले तर हप्ते आधी देईन. एखादी तारीख पुढेमागे होतेय असं दिसलं तर तीन दिवस आधी मी फोन करेन. हे चालत असेल तर "मान्य" एवढं लिहून कळवा, काही तारीख बदलायची असेल तर सांगा.

यात तू काय लिहिलं नाहीस ते बघ. "मार्केट फार डाऊन आहे" नाही, घरातलं आजारपण नाही, "तुम्ही समजून घ्यालच" नाही. कारण एका ओळीत संपलं. मी पेढीवर चार-चार पानांची पत्रं वाचलीत आणि शेठ चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "तारीख कुठाय गं यात?" मी पान उलटून बघायची, नसायचीच.

अण्णांचा "मान्य" हा शब्द लेखी यायलाच हवा. फोनवर "ठीके ठीके बघू" आलं तर ते मान्य नाही. आणि त्यांनी बदल सुचवला, समजा म्हणाले जुलैत दोन लाख हवेत, तर लगेच हो म्हणू नकोस. सांग की आज हो म्हटलं तर पंधरा जुलैला तुम्हालाच खोटं बोलल्यासारखं होईल, दुकानदारांची वसुली जास्त आली तर त्याच दिवशी जास्त टाकतो. सौदा दलालामार्फत झाला असेल तर दलालालाही त्याच दिवशी कळव, त्याने तुझ्या नावावर माल दिलवलेला असतो आणि त्याला तिसऱ्याकडून कळलं तर तो बाजारात काय बोलेल ते तुझ्या हातात राहत नाही.

पैसे पाठवताना प्रत्येक वेळी रिमार्कमध्ये बिल नंबर टाक आणि मग व्हॉट्सॲपवर यूटीआर नंबरसह "१५ जुलैचा हप्ता, शिल्लक ४,५०,०००" एवढीच ओळ. कारण मध्ये तुला नवीन कापड लागणार, हिवाळ्याचे स्वेटर-ब्लेझर नसले तरी हॉस्पिटलच्या, हॉटेलच्या ऑर्डर असतातच. नवा माल अण्णांकडूनच, रोखीने, थोडा थोडा घे. ते पैसे वेगळे पाठव आणि "नवीन मालाचे" असं आधी लिहून पाठव, नाहीतर ते जुन्या खात्यात जमा होतील आणि माल येणार नाही. कोणत्या देण्यापोटी रक्कम जमा करायची हे देणाऱ्याने आधी सांगितलं तर ते पाळावं लागतं, सांगितलं नाही तर घेणारा हवं तिथे धरतो. अण्णांचे सहा लाख थकवून शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या मागवाल्याकडून रोखीने कापड उचललंस तर इचलकरंजीत ते दोन दिवसांत कळतं, चहाच्या टपरीवरच कळतं, आणि मग तुझा कागद कितीही नीट असो.

हप्ता चुकणार असं दिसलं तर. समजा ५ सप्टेंबर झाला आणि संस्थेचा अकाउंटंट म्हणतोय "मॅनेजमेंटची मीटिंग राहिलीय". थांबू नकोस. सात तारखेला फोन कर, दहाला जे आहे ते टाक, पन्नास हजार असले तर पन्नास, आणि उरलेल्या १ लाख १० हजारांची नवी तारीख दे, एकच, "लवकरच" नाही. एकदा असं झालं तर चालतं. दुसऱ्यांदा होणार असेल तर त्या आधी तुझी ती हवा वापर, दुकानदारांचे मागे राहिलेले ९० हजार वसूल कर, बँकेत लिमिट वाढवून मिळते का विचार, नको असलेलं एखादं मशीन असेल तर विकून टाक. ज्या संस्थेने दोनदा तारीख बदलली तिला पुढच्या जूनला निम्मे अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय कापायला घेऊ नकोस, यावर मला चर्चा नकोय.

आणि १० ऑक्टोबरचं पेमेंट गेलं की त्याच संध्याकाळी अण्णांकडून खात्याचा उतारा मागव, १२ मेच्या बिलापुढे शिल्लक शून्य आणि व्याजाचं जे ठरलं ते वेगळ्या ओळीत दिसलं पाहिजे. उरलेले चेक परत घे. शक्य असेल तर पोस्टाने नको, स्वतः जा, सोलापूरहून इचलकरंजी काही फार लांब नाही.